आठ नंबरचे बूट

मैदानावर फक्कीच्या रेघा मारून झाल्या, तेव्हा सकाळचे आठ वाजले होते. बीड जिल्ह्यातले, बालाघाटच्या डोंगराला टेकलेले ते गाव. शाळेला मैदान होते, पण चारशे मीटरची धावपट्टी मावेल एवढे मोठे नव्हते. म्हणून कदम सर दर वर्षी सुतळी आणि खुंटी घेऊन दोनशे मीटरची पट्टी आखत. आठशे मीटर म्हणजे चार फेऱ्या, आणि चार फेऱ्या म्हणजे आठ वळणे. या मैदानावर वळणे जिंकेल तोच शर्यत जिंकेल, असे ते मुलांना नेहमी सांगत.

डिसेंबरचे दिवस होते. निम्म्या गावाच्या दारांना कुलपे होती. दसरा उलटला की गावातली जोडपी मुकादमाच्या गाडीत बसून ऊसतोडीला जात, ती उन्हाळ्यातच परतत. त्यामुळे क्रीडादिनाला आलेल्यांत म्हाताऱ्या माणसांचीच गर्दी जास्त होती.

मोठ्या मुलींची आठशे मीटरची शर्यत पुकारली गेली. सात मुली रेघेवर येऊन उभ्या राहिल्या. पाच अनवाणी होत्या. दहावीतल्या वैशालीच्या पायात नवे बूट होते. आणि सातवी, नववीतली राधा, तिच्याही पायात बूट होते. पण ते पाहून कडेच्या पोरांत खसखस पिकली.

"अगं, बूट पुढं चाललेत आन तू मागं!" कोणीतरी ओरडले.

राधाने तिकडे पाहिले नाही. तिने खाली वाकून बुटावरून बांधलेली सुतळी आवळली.

शिट्टी वाजली. सरांनी हातातले घड्याळ चालू केले. पहिल्या वळणावर सगळ्या मुली समोरून गेल्या, तेव्हा सरांच्या कानावर एक वेगळाच आवाज आला. अनवाणी पायांचा मऊ धप् धप्, वैशालीच्या बुटांचा स्वच्छ टप् टप्, आणि त्यात एकाच पावलाचे दोन आवाज. फट्-टक्, फट्-टक्. राधाची टाच बुटातून वर उचलली जाई, बूट क्षणभर मागे राही आणि मग टाचेवर येऊन आपटे.

"राधा, गुडघे वर!" सरांनी सवयीने आवाज दिला.

हे ते तिला जूनपासून सांगत होते. कवायतीच्या तासाला ती पाय घासत पळे. अंगात आळस आहे, दुसरे काय, असे त्यांनी मनाशी ठरवून टाकले होते. आज मात्र ते म्हणता म्हणताच त्यांच्या लक्षात आले, की गुडघा वर घेतला तर तो बूट पायातून निघूनच जाईल. बूट पडू नये म्हणून ती पाय घासत होती.

पहिली फेरी चाळीस सेकंदांत झाली. वैशाली पुढे, राधा तिच्या मागे चार पावलांवर. दुसऱ्या फेरीत अंतर वाढले. सर घड्याळाकडे पाहायचे सोडून आता राधाकडेच पाहू लागले. सरळ पट्टीवर ती वैशालीच्या जवळ येई. वळण आले, की बाहेर फेकल्यासारखी दुसऱ्या पट्टीत जाई आणि मागे पडे. पुन्हा सरळ पट्टी, पुन्हा जवळ. पुन्हा वळण, पुन्हा मागे.

वीस वर्षे मुले पळवून सरांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती. दम संपलेले मूल सगळीकडेच मागे पडते. त्याचे खांदे कानाकडे चढतात, मान मागे जाते, तोंड उघडे पडते. या मुलीचे खांदे खाली होते आणि तोंड मिटलेले होते. ती फक्त वळणावर हरत होती. म्हणजे दम शाबूत होता आणि दोष पायाखाली होता. वळणावर शरीर आत झुकते तेव्हा पाय बुटात घट्ट बसलेला हवा. तिचा पाय बुटात आडवा सरकत होता, आणि तो सावरण्यासाठी ती प्रत्येक वळणावर वेग मोडत होती.

तिसरी फेरी पंचेचाळीस सेकंदांची झाली. चौथीला इतर मुली गळाल्या, पण राधाने ती बेचाळीसमध्ये पुरी केली. शेवटच्या सरळ पट्टीवर तिने वैशालीला जवळजवळ गाठले होते. दोन पावले कमी पडली. दोन मिनिटे पन्नास सेकंद. दुसरा क्रमांक.

रेघ ओलांडल्यावर बाकीच्या मुली मातीत आडव्या झाल्या. राधा मात्र कडेला बसली, तिने बूट काढले आणि ओढणीच्या टोकाने ते पुसू लागली. स्वतःच्या टाचेवरचा फोड फुटून रक्त आले होते, त्याकडे तिचे लक्षही नव्हते.

सर तिच्याजवळ जाऊन उकिडवे बसले. "बघू जरा बूट."

तिने ते पुढे केले. बुटाच्या टोकात वर्तमानपत्राचा बोळा कोंबलेला होता, घामाने भिजून त्याचा लगदा झाला होता. आत एक मोजा, त्यावर दुसरा मोजा. सरांनी बोळा बाहेर काढला, बूट उलटा केला आणि तळ पाहिला.

बुटाचा तळ वाचता येतो. या तळावर दोन माणसे होती. टाचेची बाहेरची कड तिरकी झिजली होती. ती झीज जुनी होती, तिच्या खाचांत माती बसून काळी पडली होती. टाच आधी टेकवणाऱ्या, वजनाने जड असलेल्या कोणाची तरी ती होती. दुसरी झीज ताजी होती, ती पुढे, चवड्याखाली होती. तिथली नक्षी पार गुळगुळीत झाली होती. चवड्यावर पळणाऱ्या हलक्या पायाची ती खूण. आणि एवढी झीज एका शर्यतीत होत नाही. ही मुलगी कित्येक महिने, बहुधा रोज, या बुटांतून पळत होती.

सरांनी बुटाची जीभ वर केली. आत निळ्या शाईत पुसट अक्षरे होती. दत्ता. ती अक्षरे त्यांच्याच हातची होती.

"तू दत्ताची बहीण?"

राधाने मान हलवली.

मागच्या वर्षी पावसाळ्यात शाळेच्या फंडातून हे आठ नंबरचे बूट त्यांनीच आणले होते. दत्ता तेव्हा दहावीत होता. तालुक्याला दीड हजार मीटरमध्ये तो पहिला आला. जिल्ह्याच्या स्पर्धा दसऱ्यानंतर होत्या. त्या दिवशी सर मोटार स्टँडवर वाट पाहत उभे राहिले आणि दत्ता आलाच नाही. सरांनी यादीत त्याच्या नावापुढे लाल शाईने 'गैरहजर' लिहिले. शिक्षकांच्या खोलीत येऊन ते म्हणालेही होते, की या पोरांना चिकाटी म्हणून नाही, बूट मिळेपर्यंतच काय तो उत्साह.

"अनवाणी का नाही पळालीस? बाकीच्या पळाल्या की."

राधा जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "दादा जाताना म्हणाला, बूट नुसते ठेवले तर खराब होतात. तळ सुटतो. म्हणून मी रोज पळवते त्यांना. तो आला की लागतील त्याला."

ती खोटे सांगत नव्हती. बूट वर्षभर कोनाड्यात पडून राहिला की त्याचा गोंद वाळतो, तळ सोललेल्या सालीसारखा निघतो. दत्ताला ते सरांनीच सांगितले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तिला मैदानावर बोलावले. टाचेला पट्टी बांधली, पट्टीवरचे खडे आणि बाभळीचे काटे स्वतः वेचले आणि तिला अनवाणी पळवले. फट्-टक् बंद झाले होते. वळणावर ती आतल्या रेघेला धरून सुतात ओवल्यासारखी गेली. गुडघे वर घे, असे एकदाही सांगावे लागले नाही. दोन मिनिटे एक्केचाळीस. कालच्यापेक्षा नऊ सेकंद कमी, तेही शेजारी चुरशीला कोणी नसताना, दुखऱ्या टाचेने.

"सर, मग अनवाणीच पळू का?" तिने विचारले.

"इथल्या मैदानावर, साफ केलेल्या पट्टीवर, थोडं थोडं पळ. पण डांबरी रस्त्यावर आणि माळावर नको. एक काटा खोल गेला की महिना वाया जातो. तुला बूट हवेतच, पण तुझ्या मापाचे."

"हे आहेत की."

"हे आठ नंबरचे आहेत, राधा. एक नंबर वाढला की बूट इंचाचा तिसरा हिस्सा लांब होतो. तुझा पाय चार नंबरचा असेल. म्हणजे सव्वा इंचाहून जास्त जागा रिकामी. बूट सुटू नये म्हणून तू आत बोटं आवळून धरतेस. आणि आवळलेल्या बोटांनी जमीन मागं रेटता येत नाही. शिवाय बूट जिथं वाकायला हवा तिथं न वाकता पुढं वाकतो. कागदाचा बोळा जागा भरतो, बूट लहान करत नाही."

राधाला ते पटले असावे. पण तिने बूट छातीशी धरले आणि एवढेच म्हणाली, "नवे नकोत, सर. दादाचे आहेत हे."

त्या संध्याकाळी सर तिच्या घरी गेले. पत्र्याच्या दोन खोल्या. ओसरीवर आजी तूर निवडत बसली होती.

"या मास्तर. पोरीनं काय केलं?"

"काही नाही, आजी. चांगली पळते, ते सांगायला आलो."

"पळतीच ती. भाऊबी पळायचा." आजीने सूप खाली ठेवले. "गेल्या सालापासून तोबी गेला फडात."

दत्ता का गेला, ते त्या ओसरीवर सरांना कळले. आईचे ऑपरेशन झाले होते, त्यासाठी मुकादमाकडून जास्तीची उचल घेतली होती. फडात नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. एकट्या माणसाचा अर्धा कोयता. उचल एका कोयत्याने फिटेना, म्हणून दत्ता अर्धा कोयता म्हणून लागला. गाडी रात्री निघाली. जिल्ह्याची स्पर्धा दुसऱ्या दिवशी होती.

"सरांना सांगून येतो म्हणत होता," आजी म्हणाली. "पर गाडी कुणासाठी थांबतीय? अन् लाजबी वाटली आसंल त्याला. शाळेचे बूट घेतलेले, अन् पळायच्या आदल्या रातीला जायचं."

सरांनी मान खाली घातली. लाल शाईचा तो शब्द त्यांच्या डोळ्यांसमोर आला.

"आणि राधा? पुढच्या वर्षी दहावीत जाईल ती."

"तिची आई म्हणती, येत्या दिवाळीला न्यावं तिलाबी. कोपीवर भाकऱ्या थापायला, पाणी आणायला कुणीतरी लागतं. मी म्हातारी, आज हाय उद्या न्हाई. पोरीला एकटी कुठं ठेवावी?"

राधा दाराच्या आड उभी होती. सरांना ती दिसत नव्हती, पण चौकटीशी ठेवलेले आठ नंबरचे बूट दिसत होते.

"आजी, दत्ताचा फोन लागेल का?"

वडिलांच्या फोनवर रात्री नऊनंतर फोन लागला. मागे ट्रॅक्टरचा आवाज येत होता. दत्ता आधी काही बोललाच नाही. मग हळूच म्हणाला, "सर, माफ करा. त्या दिवशी..."

"ते राहू दे. माफी मागायची तर मी मागायला हवी. वर्षभरात एकदाही चौकशी केली नाही तुझी. कसा आहेस?"

"बरा आहे, सर. पहाटे चारला फडात जातो."

"राधा तुझे बूट सांभाळते आहे. तू आलास की लागतील म्हणते."

पलीकडे दत्ता हसला. मोकळे हसू नव्हते ते. "सर, ते आता मला येत नाहीत. दिवाळीआधी घालून पाहिले होते. बोटं दुमडतात. पाय वाढला माझा, नऊ नंबर लागतो. तिला सांगितलं नाही. ती रोज पुसून ठेवायची, मग कसं सांगणार?"

सरांना क्षणभर काही सुचेना. एक पाय बुटाला लहान पडत होता आणि दुसऱ्या पायाला बूट लहान पडत होता, आणि त्या रिकाम्या बुटांसाठी एक मुलगी रोज टाच सोलून घेत होती.

"तूच सांग तिला," सर म्हणाले आणि फोन राधाच्या हातात दिला.

भाऊ काय बोलला ते कोणाला ऐकू आले नाही. राधा बराच वेळ नुसती 'हं, हं' म्हणत होती. मग एकदाच म्हणाली, "मग आधी का नाही सांगितलंस, दादा?" आणि तिने डोळे पुसले. फोन परत सरांकडे आला.

"सर, तिला बूट घ्या. मी वाढं विकतो इथं, उसाचे शेंडे, जनावरांसाठी लोक नेतात. ते पैसे माझ्याकडे आहेत. पाचशे रुपये पाठवतो. आणि तिला इकडं आणू देणार नाही मी. आईशी मी बोलतो. भाकरी आम्ही थापू."

"आणि तुझी दहावी?"

दत्ता गप्प झाला.

"सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षेला बसता येतं. पावसाळ्यात तू गावात असतोस तेव्हा फॉर्म भरायचा. पुस्तकं मी देतो. पण परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असते, तेव्हा परीक्षेपुरता फड सोडून यावं लागेल. ते मुकादमाशी आत्तापासून बोलून ठेवावं लागेल. जमेल का, ते मला आज सांगू नकोस. विचार कर."

"बघतो, सर," दत्ता म्हणाला. बऱ्याच वेळाने त्याने पुन्हा म्हटले, "बघतो."

चार दिवसांनी पैसे आले. सर राधाला आणि आजीला घेऊन तालुक्याच्या बाजारात गेले, तेही मुद्दाम संध्याकाळी. दिवसभरात पाय थोडा फुगतो, सकाळी घेतलेला बूट संध्याकाळी आवळतो. दुकानात त्यांनी राधाला कागदावर सरळ उभे केले आणि पेन्सिलीने दोन्ही पावले आखून घेतली. डावे पाऊल उजव्यापेक्षा किंचित लांब निघाले. माप मोठ्या पावलाचे धरायचे, असे त्यांनी दुकानदाराला सांगितले. चार नंबरचा बूट घातल्यावर अंगठ्यापुढे बोटभर जागा आहे ना, ते दाबून पाहिले. मग नाडी शेवटच्या, घोट्याजवळच्या भोकांतूनही ओवून बांधली, म्हणजे टाच जागची हलत नाही.

"चाल. आता चवड्यावर उभी राहा. टाच सुटते का?"

"नाही, सर."

दुकानासमोरच्या रस्त्यावर ती पाच पावले पळाली. एका पावलाचा एकच आवाज. आजी पदर तोंडाला लावून हसली. बूट पाचशेत बसत नव्हते. वरचे पैसे सरांनी काउंटरवर ठेवले आणि विषय वाढवला नाही.

"आणि दादाचे बूट?" परतताना एसटीत राधाने विचारले.

"घरी पडून राहिले तर खराब होतील, असं तूच म्हणालीस. शाळेत आठ नंबरचा पाय कोणाचा आहे ते बघू."

सोमवारी ती बूट धुऊन, वाळवून, नव्या नाड्या घालून घेऊन आली. जिभेवरचे नाव तिने पुसले नव्हते. नववीतला एक उंच मुलगा ते घालून मैदानभर दोन फेऱ्या मारून आला, आणि त्याच्या पायात ते नेमके बसले.

त्या दुपारी शाळा सुटल्यावर कदम सर खोलीत एकटेच बसले. त्यांनी कपाटातून मागच्या वर्षीची यादी काढली. दत्ताच्या नावापुढचा 'गैरहजर' खोडून त्यांनी 'ऊसतोडीला' असे लिहिले. मग पान उलटून ते पुढे वाचू लागले. पूर्वी हे पान त्यांनी शंभरदा पाहिले असेल. आज त्यांनी मोजले. लाल शाईचा तोच शब्द आणखी सात नावांपुढे होता. त्यांतली तीन मुलींची होती.

त्यांनी लेखनिकांना हाक मारली. "जरा हजेरीपट काढा हो. या सात जणांचे पत्ते हवेत. आणि घरच्यांचे फोन नंबर असतील तर तेही."